साठेखत झालं, खरेदीखत अडलं: ३० लाख रुपये हलवावेत का?

"१२ जून २०२३ रोजी तळेगावजवळच्या बिनशेती प्लॉटचं नोंदणीकृत साठेखत केलं. किंमत ६० लाख, विसार १२ लाख दिला. उरलेले ४८ लाख देऊन ३१ मार्च २०२४ पर्यंत खरेदीखत करायचं ठरलं होतं. मालक तेव्हापासून 'जरा थांबा' म्हणतोय, कारण आज तिथे ७८ लाखांचा भाव आहे. माझे ३० लाख एफडीत आहेत, १८ लाखांचं कर्ज मंजूर झालं होतं. आता जानेवारी २०२६ उजाडला. एक मित्र म्हणतो, दाव्याला तीन वर्षं असतात, घाई नको, तोवर एफडी मोडून इक्विटी फंडात टाक. तसं करू का? की विसार परत घेऊन मोकळा होऊ?"

एफडी मोडू नका. या ३० लाखांवर व्याज मिळतंच, पण सध्या त्यांचं त्याहून मोठं काम तुमचा पुरावा म्हणून उभं राहणं हे आहे.

मित्राचा तीन वर्षांचा हिशेब अर्धाच बरोबर आहे. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे, करारात पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात. तारीख ठरलेलीच नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. तुमच्या साठेखतात तारीख आहे, त्यामुळे शेवटचा दिवस ३१ मार्च २०२७. मालकाने अजून स्पष्ट 'नाही' म्हटलेलं नाही म्हणून मुदत सुरूच झाली नाही, असं धरून बसलेल्यांचे दावे इथेच बाद होतात. वकिलाची नोटीस पाठवल्याने किंवा मालकाच्या फोनवरच्या 'बघू पुढच्या महिन्यात'मुळे ही तारीख पुढे सरकत नाही. दोघांनी सही करून मुदतवाढीचा लेख केला असेल तर गोष्ट वेगळी. असा लेख असेल तर आजच शोधून ठेवा.

पण मुदतीत दावा लावला म्हणजे जिंकला असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सारदामणी कंदप्पन खटल्यात बजावलं की, तीन वर्षांची मुदत आहे म्हणून खरेदीदाराने एक-दोन वर्षं स्वस्थ बसून मग पूर्तता मागावी असा तिचा अर्थ नाही. तुम्ही २२ महिने स्वस्थ बसला आहात. दरम्यान तुम्ही मालकाला काय काय लिहिलंत, याला आता मोठं मोल आहे.

विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १६(क) नुसार, तुम्ही तुमची बाजू पुरी करायला सतत तयार आणि राजी होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयार म्हणजे पैशाची ऐपत, राजी म्हणजे वागणूक. बँकेत कोटभर रुपये आहेत, पण दोन वर्षांत एक पत्र नाही, असा माणूस 'राजी' या कसोटीवर पडतो. रोज मेसेज करणारा, पण पैसे कुठून आणणार हे न सांगू शकणारा, 'तयार' या कसोटीवर पडतो. आणि हे एका दिवसापुरतं नसतं. साठेखतापासून निकालापर्यंत ते टिकावं लागतं. तुमचं साठेखत १ ऑक्टोबर २०१८ नंतरचं आहे, त्यामुळे दुरुस्त कायदा लागू होतो. पूर्तता द्यायची की नाही हा आता पूर्वीसारखा न्यायाधीशाच्या मर्जीचा भाग राहिलेला नाही, पण ही कसोटी कायम आहे.

'दावा लावला की ४८ लाख कोर्टात भरावे लागतात' ही भीती मात्र चुकीची आहे. न्यायालयाने आदेश दिला नाही तोवर रक्कम प्रत्यक्ष देऊ करणं किंवा भरणं बंधनकारक नाही, असं त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं. पैसे उभे करण्याची ऐपत दाखवली की पुरे. म्हणून एफडी तुमच्याच नावावर राहू द्या, तिच्यावर कर्ज काढू नका आणि मार्च २०२४ पासूनची सगळी बँक विवरणं काढून ठेवा. इक्विटी फंडही ऐपतच दाखवतो, पण उलटतपासणीच्या आठवड्यात ३० चे २३ लाख झालेले असले तर तुमची बाजू तितकीच लंगडी होते.

तुमची खरी कमजोर जागा १८ लाखांची आहे. कर्जाच्या मंजुरीपत्राची मुदत काही महिन्यांचीच असते, ती केव्हाच उलटली असणार. नव्या मंजुरीसाठी बँक मालकाची कागदपत्रं मागेल आणि तो ती देणार नाही. मग हे अंतर दुसऱ्या मार्गाने भरा: जुनं मंजुरीपत्र जपा, बँकेकडून नवं पात्रतापत्र घ्या, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं जोडा. पत्नीच्या नावावर ठेवी असतील तर त्या या व्यवहारासाठी देण्याची तिची तयारी तिने साक्षीत सांगावी. 'मित्र देणार होता' एवढ्यावर भागत नाही, तो मित्र आणि त्याचं पासबुक दोन्ही कोर्टात यावी लागतात.

या आठवड्यात वकिलामार्फत नोटीस द्या: अमुक तारखेला सकाळी ११ वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखतासाठी हजर राहा, रक्कम तयार आहे. त्या दिवशी खरंच जा. तो आला नाही तर त्याच दिवशी नोटरीसमोर तसं प्रतिज्ञापत्र करा. त्यानंतर फार तर दोन महिन्यांत दावा दाखल करा. मार्च २०२७ ची वाट पाहू नका.

एक सापळा नीट लक्षात ठेवा. नोटीस गेल्यावर मालक १२ लाख परस्पर तुमच्या खात्यात वळते करू शकतो. ते स्वीकारून वापरलेत, की तुम्हाला करार नको होता असा अर्थ लावला जाईल. लगेच लेखी हरकत घ्या आणि रक्कम परत पाठवा. त्याने करार रद्द केल्याचं पत्र पाठवलं, तर ती रद्दबातली बेकायदा ठरवून मिळावी ही मागणीही दाव्यात घाला. ती नसल्यामुळे २०१३ च्या सिकंदर खटल्यात खरेदीदाराला फटका बसला होता. विसार परतीची पर्यायी मागणीही लिहून घ्या. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ती मागितली नसेल तर मिळत नाही. आणि दावा लावल्यावर या प्लॉटवर दावा चालू असल्याची, म्हणजे लिस पेंडन्सची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, महाराष्ट्रात ती नोंदवल्याशिवाय तिचं संरक्षण मिळत नाही.

आता पैशाचा हिशेब. ३० लाखांवर एफडीचे ७ टक्के म्हणजे वर्षाला २.१ लाख. इक्विटीचे ११ टक्के धरले तर ३.३ लाख. म्हणजे तयार राहण्याची किंमत वर्षाला साधारण १.२ लाख. पाच वर्षं धरली तर ६ लाख. त्यात वकील आणि न्यायालय शुल्क मिळवा. शुल्क उरलेल्या ४८ लाखांवर नाही, पूर्ण ६० लाखांवर लागतं. समोर आजचा १८ लाखांचा फरक आहे. समन्स बजावल्यापासून १२ महिन्यांत, फार तर आणखी ६ महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, पण त्या भरवशावर पैशाचं नियोजन करू नका.

तिथे घर बांधायचं असेल तर लढा, हे आकडे तुमच्या बाजूने आहेत. प्लॉट केवळ गुंतवणूक म्हणून घेतला असेल, तर नोटिशीनंतर मालक १२ लाखांवर आणखी ९-१० लाख एकरकमी द्यायला तयार झाल्यास मी तडजोड घेईन. मात्र रद्दलेखावर सही रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय नको. नुसता १२ लाखांचा परतावा हा मात्र तोट्याचा सौदा आहे.

दावा जिंकलात तरी हुकूमनाम्यात रक्कम भरायची तारीख असेल. ती चुकली तर मालक विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २८ खाली करारच रद्द करून मागू शकतो. म्हणून एफडी एक-एक वर्षाच्या मुदतीने फिरवत ठेवा आणि ती मोडायला दोन दिवसांपेक्षा जास्त लागणार नाहीत अशाच बँकेत ठेवा.