तीन वाटे

प्रश्न: जत्रेत तीन फाशांचा चित्रांचा खेळ असतो, त्यात फासे खरे असले तरी मालकच कसा काय कमावतो? सातवीतल्या मुलीला समजेल अशी एखादी छोटी गोष्ट सांगाल का?

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत गणित शिकवते. संभाव्यतेचा विषय निघाला की मी मुलांना रेणूची गोष्ट सांगते. रेणू माझ्या मनातली आहे, पण पट, फासे आणि हिशेब आमच्या भागातल्या जत्रांत कुणालाही पाहायला मिळतील असेच आहेत.

गावात महालक्ष्मीची यात्रा भरली होती. देवी गदगेवर बसलेली, माहेरवाशिणी आलेल्या, घराघरात पाहुणे. रेणू तिच्या मामाबरोबर भेंड-बत्ताशाच्या दुकानांमागे गेली, तिथे पाळण्याच्या आडोशाला एकाने कापडी पट अंथरला होता. पटावर सहा घरं: बदाम, इस्पिक, चौकट, किलवर, मुकुट आणि झेंडा. डब्यात तीन फासे आणि प्रत्येक फाशावर हीच सहा चित्रं. (कर्नाटकात पैसे लावून असा खेळ मांडणं १९६३ च्या पोलिस कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून पट नेहमी कापडाचा, झटक्यात गुंडाळून काखेत मारता येईल असा.)

नियम सोपा. आवडेल त्या घरावर दहा रुपये ठेवायचे. तीन फाशांपैकी एकावर आपलं चित्र पडलं तर आपले दहा परत आणि वर दहा. दोघांवर पडलं तर वर वीस, तिन्हींवर पडलं तर वर तीस. कुठेच पडलं नाही तर दहा गेले.

मामा बदामावर लावत राहिला आणि खिसा हलका होत गेला.

"मामा, किती गेले ओ?" रेणूने विचारलं.

"येतील की परत. तीन फासे, सहा चित्रं. म्हणजे निम्म्या वेळा आपलं चित्र पडतंयच. वर जोडी पडली की दुप्पट. ह्यात तोटा हायच कुठं?"

रेणूलाही ते पटलं. निम्म्या वेळा जिंकायचं, निम्म्या वेळा हरायचं आणि वर जोडीचा फायदा. मग मामाचे पैसे जातात कुठे? पहिला संशय फाशांवरच आला. शेजारी उभा असलेला एक जण तर खात्रीनेच म्हणाला, "आत शिसं भरलंय बघ."

तिने पाठीला लावलेल्या पिशवीतून वही काढली, पाळण्याच्या खांबाला टेकून बसली आणि प्रत्येक डावात पडलेली तिन्ही चित्रं एका ओळीत लिहू लागली. मालकाचं लक्ष गेलंच.

"काय लिवालीस गं?"

"मी नुसतं बघतो ओ काका."

तो हसला. फासे खरे असलेल्या माणसाला मोजणाऱ्याची भीती नसते. ५४ डाव झाले तेव्हा रेणूने बेरीज केली. तीन फासे म्हणजे एकूण १६२ चित्रं, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २७ यायला हवीत. बदाम २९, इस्पिक २५, चौकट २८, किलवर २४, मुकुट २६, झेंडा ३०. एवढं थोडं पुढेमागे होतंच. शिसं नव्हतं.

इथे गोष्ट सांगताना मी मुद्दाम थांबते, कारण बहुतेक माणसं इथेच सोडून देतात. फासे खरे निघाले, म्हणजे सगळा नशिबाचा खेळ, असं म्हणून मोकळी होतात. रेणूने मात्र फाशांवरची नजर काढून मालकाच्या हातांवर ठेवली.

आता तिला दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे घर रिकामं असेल तर तो डबा हलवायला घाई करत नव्हता. "बर्री अण्णा, बर्री! किलवर मोकळं हाय, किलवर!" असं ओरडत राहायचा. बदामावर फार पैसे साचले की नव्या माणसाला दुसऱ्या घराकडे वळवायचा. सहाही घरांवर जवळपास सारखे पैसे झाले की मगच फासे पडायचे. ज्याला पैसे लुबाडायचे आहेत तो कोण कुठे लावतोय याची एवढी काळजी का करेल?

दुसरी गोष्ट ऐकू आली. हरलेल्या घरांवरचे पैसे तो गोळा करायचा, त्याच पैशांतून जिंकणाऱ्यांना द्यायचा, आणि उरलं तर मांडीखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. काही डावांत हा पैशांचा डबा वाजायचाच नाही, गोळा झालेले सगळे पैसे पटावरच वाटून संपायचे. रेणूने वहीचं पान उलटलं आणि डबा कधी वाजतो ते प्रत्येक डावाच्या चित्रांशेजारी लिहायला सुरुवात केली. थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं. तीन वेगवेगळी चित्रं पडली की डबा गप्प. एखादं चित्र दोनदा पडलं की डबा वाजलाच.

म्हणजे ज्या जोडीवर मामाची भिस्त होती, तीच जोडी मालकाला पैसे देत होती.

तिने वहीत सहा चौकोन काढले आणि प्रत्येकात दहा रुपये लिहिले. समजा बदाम, किलवर, झेंडा पडले. या तीन घरांना प्रत्येकी दहा द्यायचे, म्हणजे दहा-दहाचे तीन वाटे. उरलेली तीन घरं हरली, त्यांच्याकडून तीन वाटे आले. तीन आले, तीन गेले. मालकाच्या हातात काही नाही.

आता समजा बदाम, बदाम, किलवर पडले. बदामाला दोन वाटे, किलवरला एक. द्यायचे पुन्हा तीनच. पण या वेळी हरलेली घरं चार. चार वाटे आले, तीन गेले, एक डब्यात. आणि तिन्ही बदाम पडले तर? बदामाला तीन वाटे. द्यायचे अजूनही तीनच, पण हरलेली घरं पाच. दोन वाटे डब्यात.

रेणूने खाली रेघ मारून लिहिलं: देणं नेहमी तीन. येणं कधी तीन, कधी चार, कधी पाच.

मालकाचा सगळा धंदा या ओळीत आहे. घरं समान भरली असतील तर त्याचा एकही डाव तोट्यात जाऊ शकत नाही, फार तर कोरा जातो. म्हणूनच तो रिकाम्या घरासाठी ओरडतो. बदामावर दोनशे आणि बाकीच्यांवर दहा-दहा असताना बदाम पडला, तर त्याला पदरचे पैसे मोजावे लागतील. समान भरलेल्या पटावर मात्र जिंकणाऱ्याला पैसे देतो तो हरणारा, मालक फक्त मधे बसून सांडलेले वाटे उचलतो.

मग चित्र पुन्हा पडतं किती वेळा? पहिला फासा काहीही पडू दे. दुसरा त्याच्यापेक्षा वेगळा पडायचा तर सहापैकी पाच चित्रं चालतील. तिसरा दोघांपेक्षा वेगळा पडायचा तर सहापैकी चारच. ३६ पैकी २०, म्हणजे नऊपैकी पाच वेळा तिन्ही वेगळी. उरलेल्या चार वेळा डबा वाजणार. रेणूच्या ५४ डावांत २२ जोड्या होत्या आणि एकदा तिन्ही सारखी. प्रत्येक घरावर दहाच रुपये धरले तर २२ वाटे आणि वर दोन, असे २४ वाटे, म्हणजे २४० रुपये. एका संध्याकाळच्या थोड्याशा वेळात, एकदाही खोटा फासा न टाकता.

तिने वही मामासमोर धरली. मामाने दोनदा वाचलं, मग म्हणाला, "पण निम्म्या वेळा माझं चित्र पडायला पायजे का नको?"

याचं उत्तर गोष्टीत रेणू देते, मी वर्गात फळ्यावर देते. तीन फाशांच्या सगळ्या मिळून २१६ जुळण्या होतात. त्यांत बदाम हे चित्र १०८ वेळा येतं, इथपर्यंत मामा बरोबर आहे. पण काही जुळण्यांत ते दोनदा येतं, एकीत तीनदा. म्हणजे १०८ बदाम ९१ जुळण्यांतच दाटीवाटीने बसलेत, आणि उरलेल्या १२५ जुळण्यांत एकही बदाम नाही. मामा निम्म्या वेळा नाही, शंभरात ४२ वेळा जिंकतो. जोडीचे जादा पैसे धरूनही २१६ डावांत मिळकत १०८ वाटे आणि तोटा १२५. फरक १७ वाट्यांचा. लावलेल्या शंभर रुपयांमागे जवळजवळ आठ रुपये सरासरीने जातात.

सरासरीने हा शब्द इथे महत्त्वाचा. दहा-वीस डावांत मामा जिंकून घरी जाऊ शकतो, आणि प्रत्येक जत्रेत असा एखादा जातोच. पट रात्रभर चालतो, मालकाला सरासरी गाठायला तेवढा वेळ पुरतो.

गोष्टीत शेवटी रेणू मालकासमोर जाऊन उभी राहते.

"काका, जोडीला दोनच्या ऐवजी तीन वाटे आणि तिन्हीला पाच वाटे द्याल काय?"

फासे डब्यात टाकता टाकता मालकाचा हात थांबला. कारण तेवढा बदल केला की जोडीला चार वाटे येतात नि चारच जातात, तिन्हीला पाच येतात नि पाचच जातात. डबा कधीच वाजत नाही.

"मग जागेचं भाडं कोण देणार, तू?" तो म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, "मामाला घेऊन जा. आणि ही वही हितं कुणाला दावू नको."

फासे खोटे करायची त्याला गरज का नाही, हेही मुलीला विचारा. खोट्या फाशांवर एखादं चित्र जास्त पडू लागलं, तर रेणूसारखी मोजणारी पोर तासाभरात ते ओळखेल आणि त्याच घरावर पैसे लावून त्यालाच बुडवेल. साफ फासा मालकाच्या सोयीचा असतो.

घरी करून बघायचं तर तीन साधे फासे घ्या, एक ते सहा आकड्यांची सहा घरं कागदावर काढा आणि पैशाऐवजी चिंचोके वापरा. प्रत्येक डावाला प्रत्येक घरावर एक चिंचोका ठेवायचा आणि मुलीला मालक करायचं. ३६ डाव झाले की तिच्या वाटीत १७ च्या आसपास चिंचोके जमलेले असतील. १३ असतील किंवा २१ असतील तरी बिघडलं नाही, पण एकाही डावात वाटीतून चिंचोका काढावा लागणार नाही. मग तीन आणि पाच वाट्यांचा रेणूचा नियम लावून पुन्हा खेळा. या वेळी वाटी रिकामीच राहील.