बारशाला चांदीची वाटी की वाळे?

प्रश्न: सोलापुरात भाचीचं बारसं आहे. चांदीची वाटी द्यावी की घुंगरांचे वाळे? शुद्धता कशी तपासायची?

वाटीच घ्या. वाळे चार-सहा महिन्यांत आखूड पडतात, आणि बाळ पाय तोंडात घालायला लागलं की निसटलेला घुंगरू घशात अडकू शकतो. वाटी सहाव्या महिन्यानंतर, वरचं अन्न सुरू झालं की रोज वापरात येते.

सराफ बाजारात हॉलमार्कची मागा. चांदीला तो सक्तीचा नाही, त्यामुळे न मागता मिळेलच असं नाही. 925 शिक्का असेल तर 50 ग्रॅमच्या वाटीत 46.25 ग्रॅम चांदी, उरलेलं बहुधा तांबं. दुकानदार पूर्ण वजनाला शुद्ध चांदीचा भाव लावत असेल तर तिथेच अडवा. हॉलमार्कसोबत वाटीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, BIS Care ॲपवर टाकून बघा. काठ गोल वळवलेला, गुळगुळीत हवा. नक्षीत खीर अडकते, म्हणून साधीच बरी.