स्ट्रेस म्हणजे ताण नव्हे

प्रश्न: डिप्लोमाच्या मुलांसाठी ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’च्या एका प्रकरणाचं मराठी करतोय. स्ट्रेसला ‘ताण’ म्हणू, की परिभाषेतला ‘प्रतिबल’ घेऊ, की इंग्रजीच ठेवू? स्ट्रेन, यील्ड पॉइंट यांचं काय करायचं?

इंग्रजीच ठेवा, आणि कृपा करून ‘ताण’ तर मुळीच नको. ‘खांबावर ताण येतो’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सहन होत नाही. खांब दाबला जातो. त्यात ताण कुठला?

‘ताण’ हा शब्द ‘तन्’ या धातूचा आहे. तन् म्हणजे ओढून लांबवणं, पसरवणं. तंतू त्यातलाच, गवयाची तान त्यातलीच. मागावरचा ताणा-बाणा आठवा. उभे धागे घट्ट ओढून धरलेले असतात, तो ताणा. आडवा धागा त्यांच्यातून फिरतो, तो बाणा. कोणत्या धाग्यात ताण आहे हे विणकराने नावातच सांगून ठेवलंय. लॅटिनमधलं ‘टेंडेरे’ही याच कुळातलं आणि त्यातूनच इंग्रजीत ‘टेन्शन’ आलं. म्हणजे टेन्शनला मराठी शब्द शोधावाच लागत नाही, ताण हा त्याचा सख्खा चुलतभाऊ आहे. इतकी नेमकी जोडी हाताशी असताना तो शब्द स्ट्रेसला देऊन टाकायचा, मग कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेसला ‘दाबाचा ताण’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

यात नुसती भाषा बिघडत नाही. दोन टोकांना टेकलेला बीम भाराखाली वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून मुख्य सळया खाली घालतात. बाल्कनीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो, तिथे ताण वरच्या बाजूला येतो आणि सळयाही वर जातात. आता स्ट्रेसला ताण म्हणणाऱ्या पुस्तकात ‘बीमच्या वरच्या भागात कमाल ताण येतो’ असं छापलं, तर मुलगा सळई कुठे घालेल?

‘प्रतिबल’वाल्यांशी माझं भांडण वेगळं आहे. स्ट्रेस हे बल नाहीच, ते दर क्षेत्रफळामागचं बल आहे. शब्दाच्या शेवटी ‘बल’ लावलं की मुलं एकक न्यूटन लिहितात. स्ट्रेनला सुचवलेला ‘विकृती’ तर वाचताक्षणी भलतीकडे नेतो. दोन मिलिमीटर लांबलेल्या सळईत कसली विकृती?

आणि इंग्रजीचं तरी काय सोवळं आहे? स्ट्रेस आणि स्ट्रेन हे दोन्ही शब्द ‘स्ट्रिंगेरे’ म्हणजे आवळणे या एकाच लॅटिन क्रियापदातून आलेले. स्ट्रेन म्हणजे आकारातला बदल आणि स्ट्रेस म्हणजे त्या बदलाला आतून होणारा विरोध, ही वाटणी 1850च्या दशकात रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने रूढ केली. शब्दाच्या अर्थात तो फरक नव्हता, व्याख्येने घातला. म्हणूनच हे दोन शब्द जसेच्या तसे घ्यायला मला संकोच वाटत नाही.

मराठी करायचं ते वाक्याचं. ‘समांगी द्रव्याच्या एकसमान छेदाच्या दंडावर अक्षीय भाराची क्रिया झाली असता प्रमाण सीमेच्या आत उत्पन्न होणारा स्ट्रेस हा…’ असली रचना इंग्रजी वाक्याची सावली आहे. ते वाक्य मोडा आणि जे घडतं त्या क्रमाने सांगा:

‘20 मिमी रुंद, 10 मिमी जाड आणि 2 मीटर लांब पोलादी पट्टी घ्या. तिला बरोबर मध्यरेषेतून 40 किलोन्यूटनने ओढा. छेदाचं क्षेत्रफळ 200 चौरस मिमी. म्हणजे दर चौरस मिमीवर 200 न्यूटन आले. हा स्ट्रेस. पट्टी 2 मिमी लांबते, म्हणजे मूळ लांबीच्या एक हजारांश. हा स्ट्रेन. ओढ निम्मी केली तर दोन्ही निम्मे होतात. ओढ काढली की पट्टी पुन्हा पहिल्या लांबीवर येते.’

इथे लांबी, जाडी, छेद, क्षेत्रफळ, ओढणं, सगळं मराठी आहे. इंग्रजी राहिले ते दोनच शब्द, आणि ज्या वाक्यात ते पहिल्यांदा आले तिथेच त्यांचा अर्थ लागला. मुलांना परीक्षेत आणि पुढे डिझाइनच्या कोडमध्ये हेच दोन शब्द भेटणार आहेत.

यील्ड पॉइंटही तसाच ठेवा. साध्या पोलादात तो सुमारे 250 न्यूटन दर चौरस मिमीला येतो, म्हणजे वरच्या पट्टीवर 50 किलोन्यूटनला. त्यापुढे ओढलेली पट्टी सोडली तरी पूर्ण मागे येत नाही. हे ‘मागे न येणं’ वाक्यात लिहा, त्याला नवा शब्द घडवू नका. ‘स्थितिस्थापकता’ मात्र ठेवा, तो शाळेपासून ओळखीचा आहे. आणि टेन्साइल स्ट्रेस आला की बिनधास्त ‘ताणाचा स्ट्रेस’ लिहा, कॉम्प्रेसिव्ह आला की ‘दाबाचा स्ट्रेस’.