आजारपणामुळे हजेरी कमी भरली, अर्ज कसा लिहू?

टायफॉइडमुळे दीड महिना कॉलेजला जाता आलं नाही. हजेरी ६५ टक्केच भरते. सूट मिळावी म्हणून विभागप्रमुखांना अर्ज कसा लिहायचा?

आजाराचं वर्णन दोन ओळींत संपवा. अर्जाचा खरा जोर हिशेबावर हवा. समजा, २०० तासांपैकी तुम्ही १३० तासांना हजर होता आणि आजारपणात ४६ तास बुडाले. ते वगळले तर १५४ पैकी १३०, म्हणजे ८४ टक्के. मग सरळ लिहा: ‘आजारपणाचा काळ वगळता माझी हजेरी ८४ टक्के आहे. तरी वैद्यकीय कारणास्तव हजेरीतील तूट क्षमापित करावी, ही नम्र विनंती.’ तूट आजारामुळेच पडली, हे यातून लगेच दिसतं.

अर्ज अडतो तो बहुधा तारखांवर. अर्जातल्या तारखा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि फिटनेस सर्टिफिकेट एकमेकांशी जुळले पाहिजेत. प्रमाणपत्रात तीनच आठवडे विश्रांती लिहिली असेल, तर उरलेल्या दिवसांसाठी फेरतपासणीचे कागद जोडा.

विभागप्रमुख बहुतेक वेळा फक्त शिफारस करतात, मंजुरी वरून येते. म्हणून परीक्षेच्या तोंडावर थांबू नका, अर्ज आताच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.