टँकर की बोअर: हजार लिटरला काय पडतं?

प्रश्न: पुण्यात १० फ्लॅटची बिल्डिंग आहे, टँकर घेतो. बोअर मारला तर स्वस्त पडेल का?

वर्षाला साधारण ३० च्या वर टँकर लागत असतील तर बोअर स्वस्त, त्याच्या खाली टँकरच बरा. हिशोबासाठी मी १०,००० लिटरचा टँकर १,२०० ला धरलाय, म्हणजे हजार लिटरला १२० रुपये, तुम्ही तुमचा दर घाला. बोअर, केसिंग, पंप, वायरिंग मिळून २ लाख धरा आणि ८ वर्षांत वाटा, वर्षाला २५,००० होतात, त्यात पंपाच्या दुरुस्तीचे ८,००० म्हणजे ३३,०००, हा खर्च पाणी उपसा नाहीतर नका उपसू, होणारच. लाईट बिल मात्र किरकोळ आहे, ६० मीटरवरून गच्चीच्या टाकीत हजार लिटर चढवायला पाऊण युनिटच्या आत लागतं, ७ रुपये धरा. आता रोज ५,००० लिटर चार महिने उपसलं तर हजार लिटर ६२ रुपयांना पडतं, पण एकच महिना उपसलं तर तेच २२७ वर जातं!

फक्त एक, आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी भेगांमध्येच असतं, त्यामुळे शेजारच्या बोअरला पाणी आहे म्हणून तुमच्याही लागेल असं नाही आणि कोरडा गेला तर ड्रिलिंगचे पैसे गेले. म्हणून आधी शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांना विचारा की मे महिन्यात त्यांचा पंप सलग किती वेळ चालतो. अर्ध्या तासात हवा ओढायला लागत असेल तर तेव्हा तुम्हाला बोअर असूनही टँकर मागवावा लागेल.