अखंड कड, कुरतडलेली कड

प्रश्न: अगार प्लेटच्या फोटोखाली 'एंटायर मार्जिन' आणि 'अंड्युलेट मार्जिन' असं लिहिलं होतं. मराठीत 'संपूर्ण कडा' आणि 'लहरी कडा' चालेल का? आणि कड नि रंग बघून जीवाणू ओळखता येतो का?

'संपूर्ण' नको, 'अखंड' घ्या. हे शब्द जीवाणूंकडे वनस्पतिशास्त्रातून आले. ज्या पानाच्या कडेला दाता नाही, खाच नाही, ती कड 'एंटायर'. मूळ लॅटिन 'इंटेगर', म्हणजे हात न लागलेलं, न मोडलेलं. तुकडा तांदूळ बाजूला काढून आपण अक्षता निवडतो, त्या 'अक्षत'मध्ये हाच अर्थ आहे. 'संपूर्ण कड' वाचलं की मात्र 'कडेचा सगळा भाग' असं वाटतं आणि वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

'लहरी' हा शब्द आता माणसाच्या स्वभावालाच चिकटलाय, म्हणून मी 'लहरदार' म्हणतो. जिथे कडेला कानाच्या पाळीसारखे गोलसर फुगवटे असतात तिथे 'पाळीदार'. आणि 'इरोज'साठी तर आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे: कुरतडलेली. लॅटिनमध्येही त्याचा अर्थ कुरतडलेलं असाच आहे. आणखी एक फरक मी आवर्जून पाळतो: वसाहतीची ती 'कड', डिशचा तो 'काठ'. फोटोत डिशचा काठ पूर्ण दिसत असेल तर मापही काढता येतं, कारण नेहमीची पेट्री डिश 90 मिमी व्यासाची असते.

आता ओळखण्याचं. समजा, न्यूट्रियंट अगारची प्लेट अर्धा तास खोलीत उघडी ठेवली, झाकण लावलं आणि दोन दिवसांनी फोटो काढला. एका बाजूला 2 मिमीची पिवळी, चकचकीत, घुमटासारखी फुगीर वसाहत आहे, कड अखंड. दुसरीकडे 10 मिमीची पांढुरकी, कोरडी, चपटी वसाहत पसरली आहे, कड पाळीदार आणि मधेमधे कुरतडलेली. पहिलीतल्या पेशी जागच्या जागी दुभागत, एकमेकींवर रचत गेल्या, म्हणून कड गोल राहिली. दुसरीत पेशी बहुधा लांब साखळ्यांनी वाढल्या किंवा पृष्ठभागावरून सरकत गेल्या, म्हणून ती वेडीवाकडी झाली. मातीतले बॅसिलस असे दिसतात. पण अखंड कड म्हणजे पेशी हलत नाहीत, असं समजू नका. ई. कोलायला पोहता येतं, तरी नेहमीच्या दीड टक्का अगारमधून तिला वाट काढता येत नाही आणि तिची वसाहतही गोलच दिसते.

रंगाबाबत मराठीचा फार उपयोग होतो. 'रंगीत' आणि 'रंगलेली' हे शब्द वेगळे ठेवा. सेराशिया मार्सेसेन्स लाल दिसते ती स्वतःच्या रंगद्रव्याने, म्हणून ती रंगीत. तिलाच 37 अंशांवर वाढवली तर बहुतेकदा फिकी पडते. मॅकॉन्की अगारवर ई. कोलाय गुलाबी दिसते, पण तो रंग तिचा नव्हे. ती लॅक्टोज आंबवून आम्ल करते आणि माध्यमातलं न्यूट्रल रेड गुलाबी होतं, म्हणजे ती रंगलेली. साल्मोनेला सहसा लॅक्टोज आंबवत नाही, म्हणून त्याच प्लेटवर ती बिनरंगी राहते. तिसरा प्रकार रंग सोडणाऱ्यांचा. नव्या लुगड्याने बादलीभर पाण्यात रंग सोडावा तसं स्यूडोमोनास एरुजिनोसा आजूबाजूचं अगारच हिरवट करते. तेव्हा फोटोखाली माध्यमाचं नाव नसेल तर 'गुलाबी' या शब्दावरून काहीच ठरवू नये.

तसंच फोटो किती तासांनी काढला, तेही हवं. 24 तासांना पांढरट असलेली वसाहत 72 तासांना पिवळी दिसू शकते. दाटीत वाढलेल्या वसाहती लहान राहतात, म्हणून वर्णन सुट्या वसाहतीचं करावं. झाकणावर दव जमलं असेल तर अखंड कडही फोटोत लहरदार भासते. तेव्हा झाकण उघडू नका, प्लेट तिरकी धरून बाजूच्या उजेडात दुसरा फोटो घ्या.

वरच्या पिवळ्या वसाहतीला मी नाव देणार नाही. ती मायक्रोकॉकस ल्युटियस असू शकते, स्टॅफिलोकॉकस ऑरियसही असू शकते. 'ऑरियस' म्हणजेच सोनेरी. दोन्ही ग्रॅम रंजनात जांभळे गोल दाणेच दिसतात, फक्त पहिले बहुधा चारचारच्या चौकड्यांत आणि दुसरे द्राक्षांच्या घडासारखे, आणि पक्कं करायला त्यापुढच्या चाचण्या लागतात. फोटोखाली एवढंच लिहा: 'न्यूट्रियंट अगार, खोलीच्या तापमानाला 48 तास, वसाहत 2 मिमी, वर्तुळाकार, फुगीर, चकचकीत, पिवळी, कड अखंड, अगारमध्ये रंग उतरलेला नाही.'