3n² + 10n + 5 हे O(n²) आहे हे सिद्ध करताना c आणि n₀ कुठून आणायचे? माझे आकडे पुस्तकाशी जुळत नाहीत.

ते जुळण्याची गरजच नाही. c ही धन संख्या आणि n₀ हा उंबरठा अशी एकच जोडी दाखवायची असते, जिच्यासाठी n₀ पासून पुढच्या प्रत्येक n ला 3n² + 10n + 5 ≤ c·n² खरे ठरते. अशी एक जोडी सापडली की c किंवा n₀ वाढवून हव्या तितक्या जोड्या मिळतात.

हे इतके ठासून सांगतो, कारण नांदेडला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना याच राशीवर माझे सहापैकी पाच गुण गेले. मी लिहिले होते की n ≥ 1 असताना n ≤ n² आणि 1 ≤ n², म्हणून 10n ≤ 10n² आणि 5 ≤ 5n²; तिन्हींची बेरीज 18n², सबब c = 18, n₀ = 1. उत्तरसूचीत मात्र c = 4, n₀ = 11 होते. "अठरा कुठून आणलास रे?" एवढेच सर म्हणाले.

उत्तरसूचीची जोडीही बरोबरच होती. c = 4 घेतले तर 10n + 5 ≤ n² एवढे दाखवायचे उरते. n = 10 ला डावीकडे 105 आणि उजवीकडे 100, म्हणून जमत नाही; n = 11 ला 115 आणि 121, म्हणून जमते. पण सिद्धता इथे संपत नाही. n² − 10n म्हणजे n(n − 10). n ≥ 11 असताना हा गुणाकार किमान 11 असतो, म्हणजे 5 पेक्षा मोठाच, आणि हे वाक्य पुढच्या प्रत्येक n ला लागू पडते. माझ्या शेजारच्या मुलाने 11 ते 15 पर्यंतचा तक्ता मांडून उत्तर संपवले, आणि त्याला पूर्ण गुण मिळाले! पाच किमती तपासणे ही सिद्धता नव्हे. गुण कापायचे होते तर तिथे कापायला हवे होते.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे की n₀ = 1 घ्यावा, ऋण पदे सोडून द्यावीत आणि धन सहगुणकांची बेरीज c म्हणून लिहावी. लहान c शोधण्याची हौस परीक्षेत वेळ खाते. अर्थात ही युक्ती बहुपदींपुरतीच आहे, आणि c वाटेल तितका लहान चालतो असेही नाही: इथे c = 3 घेतला तर 10n + 5 ≤ 0 हवे, आणि ते कोणत्याच धन n ला शक्य नाही. शिवाय c आधी ठरतो, n नंतर येतो. n² हे O(n) आहे असे दाखवायला c = n घेणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत; n² ≤ c·n म्हणजे n ≤ c, आणि ठरलेला c कितीही मोठा असला तरी n त्याच्या पुढे जातोच.

तुमचा आकडा कुणी खोडलाच, तर n₀ च्या पुढचा कोणता n त्याला मोडतो, एवढे नम्रपणे विचारा. मी ते विचारले नाही. पुनर्मूल्यांकनाचे शुल्क मात्र भरले.